चलन-रूपांतराची सरावपत्रिका

एका चलनातील रक्कम दुसऱ्या चलनात काढायला लावणाऱ्या शाब्दिक उदाहरणांचा संच. सोबत पायरीपायरीने सोडवलेली उत्तरे असतात. हिशेब साध्या त्रैराशिकाचा आहे. मुले अडतात ती गुणावे की भागावे या ठिकाणी.

समजा, दर १ युरो = १.२५ डॉलर आहे. ८० युरोंचे डॉलर काढताना ८० × १.२५ = १०० हे सहज जमते. पण ‘८० डॉलरचे युरो किती?’ असे विचारले, की बरीच मुले पुन्हा गुणतात आणि १०० युरो लिहितात. म्हणून रीतीची पहिली पायरी आकडेमोडीची नसावी. एक युरो एका डॉलरहून महाग आहे, तेव्हा युरोंची संख्या ८० पेक्षा कमीच येणार, हे मुलाने आधी शब्दांत लिहावे. मग १.२५ डॉलरला १ युरो, तर ८० डॉलरला ८० ÷ १.२५ = ६४ युरो. ताळा: ६४ × १.२५ = ८०.

खरा कस लागतो तो खरेदी आणि विक्रीचे दर वेगळे असताना. उदाहरण असे: चलन बदलून देणारे केंद्र १ युरो १.३० डॉलरला विकते, पण १.२० डॉलरला विकत घेते. मीराने २६० डॉलरचे युरो घेतले, १५० युरो खर्च केले आणि उरलेले परत दिले. तिला किती डॉलर मिळाले?

पायरी १. केंद्र युरो विकत आहे, म्हणून दर १.३०. २६० ÷ १.३० = २०० युरो.
पायरी २. उरले २०० − १५० = ५० युरो.
पायरी ३. आता केंद्र युरो विकत घेत आहे, म्हणून दर १.२०. ५० × १.२० = ६० डॉलर.

६५ उत्तर आले असेल, तर तिसऱ्या पायरीतही १.३० वापरला गेला. ‘खरेदी’ आणि ‘विक्री’ हे शब्द केंद्राच्या बाजूने असतात, गिऱ्हाइकाच्या नव्हे. हे वाक्य पत्रिकेत उदाहरणांच्या आधीच छापावे.

दुसरी चूक लवकर ध्यानात येत नाही. भागाकार टाळायला काही मुले १ ÷ १.३० चे ०.७७ करून घेतात आणि त्याने गुणतात. मग २६० डॉलरचे २००.२० युरो होतात, म्हणजे ०.२० युरो नुसत्या पूर्णांकनातून आले. युरोपीय संघाने जुनी चलने युरोत बदलताना याच कारणाने उलटे दर वापरायला नियमानेच मनाई केली होती. १९९९ पासून १ युरो = १.९५५८३ जर्मन मार्क हा दर ठरला. मार्कांचे युरो करायचे तर याच संख्येने भागायचे. पत्रिकेतही पूर्णांकन शेवटच्या पायरीत, एकदाच करावे. किती दशांश स्थळे ठेवायची हे मात्र चलनावर ठरते: डॉलरला दोन, येनला एकही नाही, कुवेती दिनारला तीन.