हिरवा त्रिकोण, बावीस दिवस

सांवेर-देपालपूरकडे वांगी लावणाऱ्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी नवी नाही. कोवळा शेंडा मान टाकतो, चिरून पाहिला तर आत गुलाबीसर अळी असते आणि पुढे तीच फळात शिरते. इंदूरच्या कुठल्याही कृषी सेवा दुकानात या अळीवर दोन औषधं हमखास मिळतात. एक क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के, द्रवरूप, बाटलीवर हिरवा त्रिकोण. दुसरं एमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के, पाण्यात विरघळणारे दाणे, पाकिटावर पिवळा त्रिकोण.

आता घरचीच वांगी आहेत, चार दिवसांनी तोडायची आहेत, तर कोणतं घ्याल? बहुतेकांचा हात हिरव्याकडे जातो. लेबल मात्र उलट सांगतं. वांग्यासाठी पिवळ्या त्रिकोणाच्या औषधाचा प्रतीक्षा काळ ३ दिवस आहे आणि हिरव्याचा २२ दिवस. यात छपाईची चूक नाही. त्रिकोणाचा रंग आणि दिवसांचा आकडा ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, आणि आपण दोन्ही प्रश्न एकाच उत्तरात कोंबतो.

रंगापासून सुरुवात करू. लेबलवर एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो, पतंगासारखा. आडव्या रेषेने त्याचे दोन त्रिकोण होतात. खालच्या त्रिकोणात रंग असतो, वरच्यात शब्द किंवा चिन्ह. लाल रंगावर कवटी, हाडं आणि लाल अक्षरात विष, पिवळ्यावर फक्त विष, कवटी नाही, निळ्यावर खतरा, हिरव्यावर सावधान. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ही रचना ठरवून दिली आहे. मापाचा आधार म्हणजे प्राण्यांवरच्या चाचणीत निम्मे प्राणी दगावतील एवढी मात्रा, शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये. तोंडावाटे हा आकडा ५० पर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्यापुढे हिरवा. त्वचेवाटे शरीरात गेल्यास काय होतं याच्या वेगळ्या मर्यादा आहेत.

म्हणजे रंग बोलतो तो एकाच वेळी, थोड्या अवधीत अंगात गेलेल्या विषाबद्दल. हा इशारा मुख्यतः झाकण उघडणाऱ्याला, मिश्रण ढवळणाऱ्याला आणि पंप पाठीवर घेणाऱ्याला आहे. वांगी खाणाऱ्याबद्दल त्यात काहीच नाही. मधमाश्या, मासे, पाण्यातले किडे यांच्याबद्दलही नाही. हिरव्या त्रिकोणाचं क्लोरँट्रानिलिप्रोल पाण्यातल्या बारीक जिवांना चांगलंच घातक आहे. ‘हिरवा म्हणजे सेंद्रिय’ हा समज तर सरळ चुकीचा.

मग ते माणसाला सौम्य का? क्लोरँट्रानिलिप्रोल अळीच्या स्नायूंतली कॅल्शियमची दारं उघडी ठेवतं. स्नायूंतला कॅल्शियमचा साठा रिकामा होतो, अळीचं खाणं थांबतं, ती लुळी पडून मरते. आपल्या स्नायूंतही अशी दारं आहेत, पण त्यांची घडण वेगळी असल्याने ती या औषधाला फारशी जुमानत नाहीत. त्यामुळे रंग हिरवा. पण माणसाला सौम्य असणं आणि फळावरून लवकर नाहीसं होणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. हे औषध पानाफळावर बराच काळ टिकतं, आणि अळीवर त्याचा असर लांबतो तो त्याच टिकाऊपणामुळे. एमामेक्टिनचं उलट. ते जास्त विषारी आहे, पण पृष्ठभागावर राहिलेला त्याचा भाग उन्हात भराभर मोडतो. शिवाय लागतंही कमी: वांग्याला हेक्टरी २०० ग्रॅम पाकिटातलं औषध म्हणजे मूळ विष १० ग्रॅम, तर क्लोरँट्रानिलिप्रोल २०० मिलीत मूळ औषध ४० ग्रॅम.

प्रतीक्षा काळ म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यांतलं किमान अंतर. हा आकडा ठरतो तो असा: शिफारशीच्या मात्रेने फवारतात, मग ठरावीक दिवसांनी फळं तोडून त्यांतला अवशेष मोजतात आणि तो अन्नातल्या कमाल मर्यादेखाली कधी येतो ते पाहतात. समजा, फवारणीनंतर फळावर मर्यादेच्या आठपट औषध आहे आणि ते दर चार दिवसांनी निम्मं होतं. आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक, म्हणजे १२ दिवस. त्याच फळावर मात्रा दुप्पट पडली तर सुरुवात सोळापटीने होते आणि आणखी चार दिवस लागतात. लेबलवरचे दिवस लेबलवरच्या मात्रेशी बांधलेले असतात. मात्रा वाढवली की दिवसांचा आकडा तुमच्यापुरता खोटा ठरला.

आणि हा आकडा औषधाचा नसून औषध आणि पीक या जोडीचा असतो. त्याच हिरव्या बाटलीच्या माहितीपत्रकात टोमॅटोला ३ दिवस आहेत, भेंडीला ५, वांग्याला २२, सोयाबीनला २९ आणि भाताला ४७. मात्रा वेगळी, फळ वाढण्याचा वेग वेगळा, साल वेगळी, मर्यादा वेगळी. म्हणून ‘या औषधाचे तीन दिवस’ असं कोणी सांगितलं तर पुढचा प्रश्न विचारायचा: कोणत्या पिकाचे? बाटलीवर जागा कमी असते, पूर्ण तक्ता सोबतच्या घडी घातलेल्या कागदात असतो. आपल्याकडे तो हिंदीत मिळतो; त्यात ‘प्रतीक्षा अवधि’ हा रकाना शोधायचा. ज्या पिकाचं नावच तक्त्यात नाही, त्याच्यासाठी दिवसही नाहीत. वांग्याच्या वाफ्यात मेथी-पालक घेणाऱ्यांची गफलत नेमकी इथे होते.

मोजणी शेवटच्या फवारणीपासून. १ नोव्हेंबरला फवारलं तर २२ दिवस २३ नोव्हेंबरला भरतात. मध्ये ११ तारखेला पुन्हा फवारलं तर घड्याळ पहिल्यापासून. वांग्याचा तोडा भर हंगामात दर चार-पाच दिवसांनी येतो, म्हणजे २२ दिवसांत चार-पाच तोडे सोडून द्यावे लागतील. कोणी सोडत नाही, चोइथराम मंडीत माल जातोच. आमच्या मते त्यामुळे हे औषध वांग्यावर फुलं-फळं धरण्याआधी, शेंडे वाकायला लागतात तेव्हाच वापरायचं. तोडे सुरू झाल्यावर कमी दिवसांचं काहीतरी निवडायचं. घरी आणल्यावर वांगी धुतली की झालं, असंही नाही. धुण्याने वरवरचं थोडं जातं, सालीत मुरलेलं जात नाही.

आता मात्रा. दुकानात प्रश्न येतो, ‘कितनी टंकी?’ आणि उत्तर येतं, ‘एक ढक्कन प्रति टंकी’. लेबल टाकीचा हिशेब करत नाही. ते हेक्टरी २०० मिली औषध आणि ५०० ते ७५० लिटर पाणी सांगतं. लिटरमागे किती, हे तुमच्या शेतात किती पाणी लागतं त्यावर ठरतं, आणि ते मोजता येतं.

पंपात साधं पाणी भरा. पिकात १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा आखा आणि नेहमीच्या चालीने, नेहमीच्या नोझलने फवारा. किती पाणी संपलं ते पाहा. १०० चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग, म्हणून आलेल्या आकड्याला १०० ने गुणायचं. समजा ६ लिटर गेलं, तर हेक्टरी ६०० लिटर. २०० मिली भागिले ६०० म्हणजे लिटरला साधारण ०.३३ मिली, आणि १५ लिटरच्या टाकीला ५ मिली. शेत ०.२ हेक्टर असेल तर पाणी १२० लिटर, म्हणजे ८ टाक्या, आणि औषध ४० मिली. ५ गुणिले ८, हिशेब जुळला. बिघ्याचं माप गावागणिक बदलतं, तेव्हा खसऱ्यावरचं हेक्टर धरलेलं बरं.

हाच माणूस ‘एक ढक्कन’वर गेला आणि झाकणात १० मिली मावत असेल तर ८ टाक्यांत ८० मिली, म्हणजे दुप्पट. उलट हळू चालणारा किंवा मोठं नोझल लावणारा हेक्टरी ९०० लिटर पाणी घालवत असेल आणि कुणाकडून ऐकलेलं लिटरला ०.४ मिली तसंच धरून बसला, तर त्याच्या शेतात ३६० मिली जातं. लिटरमागची मात्रा उसनी घेता येत नाही ती यामुळे. पाणी लेबलच्या पट्ट्याबाहेर जात असेल तर आधी चाल किंवा नोझल बदलायचं. ५ मिली मोजायला खुणा असलेला मापी ग्लास किंवा सुई काढलेली सिरिंज पुरते. ती औषधालाच ठेवायची, घरात आणायची नाही.

सुरक्षेच्या सूचनांत एक ओळ बहुतेक जण सोडून देतात: उतारा, हिंदीत ‘प्रतिविष’ किंवा ‘विषनाशक’. एमामेक्टिनच्या लेबलवर विशिष्ट उतारा नाही, लक्षणांनुसार उपचार करा, असं असतं. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या औषधांवर अ‍ॅट्रोपीनचं नाव असतं. दवाखान्यात ‘फवारणीचं औषध गेलं’ एवढंच सांगितलं तर डॉक्टरला यांतलं कुठलं ते कळत नाही. म्हणून फवारणीच्या आधीच बाटलीच्या चारही बाजूंचा आणि कागदाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवायचा, आणि गरज पडली तर बाटलीच सोबत न्यायची.

हातमोजे बहुतेकदा फवारताना घातले जातात आणि औषध मोजताना काढले जातात. मोजताना तर ते जास्तच गरजेचे. टाकीतल्या लिटरभर पाण्यात औषध मिलीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं असतं, बाटलीत निव्वळ; अंगठ्यावर ओघळलेला एक थेंब म्हणजे कितीतरी पाण्यातलं औषध. पिवळ्या त्रिकोणाचे दाणे ओतताना उडणारी भुकटी नाकात जाऊ नये म्हणून वाऱ्याकडे पाठ करून, नाकातोंडावर मास्क बांधून ओतायचे. तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकायचं नाही, जुना दात घासायचा ब्रश पुरतो.

बाटली रिकामी झाली की तीत चौथा हिस्सा पाणी भरून, झाकण लावून हलवायचं आणि ते पाणी टाकीतच ओतायचं; असं तीनदा. भिंतींना चिकटलेलं औषधही तुमच्या ४० मिलीतलंच असतं, धुवण गटारात गेलं तर तेवढी मात्रा कमी पडली. मग बाटलीला खिळ्याने दोन-तीन भोकं पाडायची, म्हणजे कोणी तीत तेल किंवा रॉकेल भरणार नाही.