पोर्ट शॉर्ट करून वाय-पॅरामीटर काढायची पद्धत आणि I2 च्या दिशेचा जुना घोळ

टू-पोर्टची सुरुवात टेलिफोनमधून झाली. १९२० च्या दशकात लांब लाइन, फिल्टर, रिपीटर असं एकामागे एक जोडत जायचं काम होतं, आणि प्रत्येक डब्याच्या आत काय आहे ते न उघडता फक्त दोन टोकांवरचे व्होल्टेज आणि करंट धरून हिशोब करायचा होता. ते दशक संपता संपता हे सगळं मॅट्रिक्समध्ये मांडलं गेलं. त्याआधीच्या काळात फार शिरत नाही, कारण आज आपण जे शिकतो त्यावर जास्त छाप पुढच्या ट्रान्झिस्टरच्या काळाची आहे. पण एक निर्णय मात्र त्या टेलिफोनवाल्यांच्या दिवसांपासून चालत आलाय आणि आजही पेपरात मार्क खातो, तो म्हणजे आउटपुटचा करंट आत जाणारा धरायचा की बाहेर येणारा.

टेलिफोनवाल्यांना बाहेर येणारा सोयीचा होता, कारण एका डब्यातून निघालेला करंट तोच पुढच्या डब्यात शिरतो, मग मॅट्रिक्सचा सरळ गुणाकार होतो. एबीसीडी पॅरामीटरमध्ये I2 च्या आधी जे वजाचं चिन्ह दिसतं ते त्याचंच उरलेलं. वाय-पॅरामीटरला, म्हणजे I1 = y11·V1 + y12·V2 आणि I2 = y21·V1 + y22·V2 या दोन समीकरणांतल्या y ला, मात्र दोन्ही करंट आतच जाणारे धरायचे हा नियम रुळला, आणि माझं मत विचाराल तर तोच बरोबर होता. दोन नेटवर्क पॅरलल जोडली की दोन्ही पोर्टवर करंटची बेरीज होते, म्हणून मॅट्रिक्सचीही बेरीज होते, आणि नेटवर्क रेसिप्रोकल असेल तर y12 आणि y21 चिन्हासकट सारखे निघतात. कुठला पोर्ट इनपुट आणि कुठला आउटपुट याचा त्या मॅट्रिक्सला फरकच पडत नाही.

जुनी पुस्तकं चाळली तर दोन्ही पद्धती सापडतात, आणि काही ठिकाणी आकृतीत बाण एका दिशेला आणि समीकरण दुसऱ्या दिशेचं. ओळखायचं कसं? नुसत्या रेझिस्टरच्या नेटवर्कला y22 निगेटिव्ह आला की समजायचं बाण बाहेरचा धरलाय किंवा हिशोब चुकलाय. आत जाणारा बाण धरला तर y11 आणि y22 पॉझिटिव्ह आणि y12, y21 निगेटिव्ह यायला हवेत (दोन्ही पोर्टची खालची तार कॉमन असेल तर).

एक उदाहरण करूनच बघू. टी नेटवर्क घ्या, डावीकडचा हात २ किलोओहम, उजवीकडचा ३ किलोओहम आणि मधला खाली ग्राउंडला जाणारा ६ किलोओहम. आधी पोर्ट २ शॉर्ट करा. आता ६ आणि ३ पॅरलल, म्हणजे २, त्यात डावीकडचे २ मिळवले की इनपुटला ४ किलोओहम दिसतात, म्हणून y11 = 0.25 mS. I1 चा दोन तृतीयांश भाग ३ किलोओहममधून शॉर्टमध्ये जातो, पण तो पोर्ट २ मधून बाहेर पडतोय आणि आपला बाण आत आहे, म्हणून y21 = -(2/3)(0.25) = -1/6 mS. इथेच बहुतेकांचं वजाचं चिन्ह गळतं, कारण करंटचं विभाजन करताना डोक्यात बाहेरची दिशा असते आणि लिहिताना बाण बघायचा राहून जातो.

मग उलटं, पोर्ट १ शॉर्ट करा. शॉर्ट म्हणजे सोर्स काढून ठेवायचा आणि तिथे तार टाकायची, चालू सप्लायच्या टोकांवर तार ठेवायची नाही. २ आणि ६ पॅरलल म्हणजे १.५, अधिक ३, एकूण ४.५ किलोओहम, म्हणून y22 = 2/9 mS. त्यातला तीन चतुर्थांश करंट पोर्ट १ च्या शॉर्टमधून बाहेर जातो, म्हणून y12 = -1/6 mS. दोन्ही जुळले, म्हणजे एवढ्यावर चिन्हं आणि विभाजन बरोबर असायला हरकत नाही.

आता पोर्ट १ ला १८ व्होल्ट आणि पोर्ट २ ला ९ किलोओहमचा लोड. I2 आत जाणारा आहे, लोडमधला करंट बाहेर, म्हणून V2 = -I2·RL. दुसऱ्या समीकरणात घातलं की

```
I2 = y21·V1 / (1 + y22·RL)
   = (-1/6)(18) / (1 + 2)
   = -1 mA
```

लोडचा करंट IL = -I2 = 1 mA, आणि V2 = 9 V. पडताळा हवा असेल तर सरळ सर्किटवरून करा: ३ अधिक ९ म्हणजे १२, तो ६ ला पॅरलल म्हणजे ४, अधिक २ म्हणजे ६ किलोओहम, १८ व्होल्टला ३ मिलीअँप, त्याचा एक तृतीयांश लोडकडे, १ मिलीअँप. आणि V2 = +I2·RL लिहिलं असतं तर छेदात 1 - 2 आला असता, I2 चक्क 3 mA निघाला असता, म्हणजे दिशाच नाही, आकडाही चुकला असता. म्हणून हा बाणाचा वाद मला किरकोळ वाटत नाही.

पुढे ट्रान्झिस्टर आला. १९५० च्या दशकात ऑडिओच्या फ्रिक्वेन्सीला एच-पॅरामीटर चालले, कारण बेसकडून बघताना ओपन आणि कलेक्टरला शॉर्ट ठेवणं सोपं पडायचं. रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला मात्र ओपन ठेवणं जमेना, टर्मिनल मोकळं सोडलं तरी स्ट्रे कपॅसिटन्स असतोच. त्यामानाने शॉर्ट सोपा: पोर्टवर मोठा कपॅसिटर टाका, एसीला शॉर्ट झाला आणि डीसी बायस जागच्या जागी राहिला. म्हणून १९६० च्या दशकातल्या आरएफ ट्रान्झिस्टरच्या डेटाशीटमध्ये १०.७ मेगाहर्ट्झसारख्या फ्रिक्वेन्सीला वाय-पॅरामीटर छापलेले दिसतात, बहुतेक वेळा मिलीम्होमध्ये, कारण सीमेन्स हे नाव अधिकृत झालं १९७१ मध्ये.

पण शॉर्टलाही मर्यादा आहे. तारेच्या छोट्या तुकड्याला १० नॅनोहेन्री इंडक्टन्स धरला तर १०० मेगाहर्ट्झला तो जवळपास ६ ओहम आणि १ गिगाहर्ट्झला ६३ ओहम होतो, मग त्याला शॉर्ट कसं म्हणणार. वर गेन असलेला ट्रान्झिस्टर असं टर्मिनेशन मिळालं की ऑसिलेटही होतो, आणि रीडिंग स्थिर न राहता हात जवळ नेला तरी हलायला लागलं की ओळखावं. म्हणून मोजणी ५० ओहमच्या टर्मिनेशनवर, एस-पॅरामीटरने होऊ लागली.

तरी वाय गेला नाही. चिपवर ट्रान्झिस्टर मोजताना आज एस मोजतात, त्याचं गणिताने वाय करतात, मग शेजारी बनवलेल्या, आत डिव्हाइस नसलेल्या ओपन पॅडचा वाय त्यातून वजा करतात. पॅडचा कपॅसिटन्स पोर्टला पॅरलल बसतो म्हणून ही वजाबाकी चालते, दोन्ही बाण आत धरल्याने मॅट्रिक्सची बेरीज होते हे वर आलंच आहे. मॉसफेटचा gm कमी फ्रिक्वेन्सीला y21 च्या रिअल भागातून मिळतो, आणि तिथे तो पॉझिटिव्ह असतो, रेझिस्टरच्या टी नेटवर्कसारखा निगेटिव्ह नाही, कारण ड्रेनचा करंट खरोखरच पोर्टच्या आत जातो. पॅडच्या तारांचा सिरीज इंडक्टन्स मात्र अशा वजाबाकीने जात नाही, त्यासाठी वेगळं शॉर्ट स्ट्रक्चर मोजून झेड-पॅरामीटरमध्ये वजा करावं लागतं.