कालस्थिरांक वेगळा आणि ठरावीक व्होल्टेज गाठायला लागणारा वेळ वेगळा

रेझिस्टरमधून कपॅसिटर चार्ज होताना विद्युतदाब आधी झपाट्याने आणि मग मंदावत चढतो, आणि रोध व धारकता यांचा गुणाकार म्हणजे कालस्थिरांक, एवढे बारावीच्या आणि डिप्लोमाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. मेगओहम गुणिले मायक्रोफॅरड केले की उत्तर थेट सेकंदांत मिळते, त्यामुळे आकडेमोडीतही फारसे कोणी अडत नाही. अडचण पुढच्या पायरीवर येते. हा गुणाकार म्हणजेच ‘सर्किटचा वेळ’ असे धरून विद्यार्थी टायमरचे गणित मांडतात आणि दुरुस्ती करणारेही त्याच समजुतीवर सुटे भाग बदलतात. ही सरमिसळ मी अनेक वर्षे उत्तरपत्रिकांमध्ये आणि कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या दुरुस्तीच्या टेबलांवर सारखीच पाहत आलो आहे.

एक किरकोळ चूक आधी बाजूला काढतो. एका कालस्थिरांकात 63 टक्के चढाई होते, म्हणून अर्ध्या कालस्थिरांकात साडेएकतीस टक्के, असे त्रैराशिक इथे चालत नाही. अर्ध्या कालस्थिरांकात सुमारे 39 टक्के चढाई होते आणि निम्मी चढाई व्हायला 0.693 कालस्थिरांक लागतो. आलेख वक्र आहे हे एकदा लक्षात आले की ही चूक पुन्हा होत नाही, म्हणून तिच्यावर जास्त शब्द खर्च करत नाही.

खरी गफलत आहे ती ‘63 टक्के कशाचे?’ या प्रश्नात. बहुतेकांचे उत्तर असते ‘पुरवठ्याचे’. हे उत्तर फक्त एकाच खास परिस्थितीत बरोबर ठरते, ती म्हणजे कपॅसिटर पूर्ण रिकामा असेल आणि शेवटी तो नेमका पुरवठ्याच्या व्होल्टेजपर्यंत चढणार असेल. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणात नेमकी हीच परिस्थिती घेतलेली असते, त्यामुळे खास बाब हाच नियम होऊन बसतो. वस्तुतः कालस्थिरांक व्होल्टेजविषयी काहीच सांगत नाही. तो एवढेच सांगतो की आत्ता जिथे आहोत तिथून अंतिम व्होल्टेजपर्यंत जे अंतर उरले आहे, ते इतक्या सेकंदांनी आजच्या सुमारे 37 टक्क्यांवर येईल, आणि पुन्हा तितक्याच सेकंदांनी उरलेल्याच्या 37 टक्क्यांवर. म्हणून ‘किती भरले’ हे मोजू नये, ‘किती उरले’ हे मोजावे, असा माझा ठाम आग्रह आहे.

ठरावीक व्होल्टेज गाठायला लागणारा वेळ ही त्याहून वेगळी राशी आहे. तिला कालस्थिरांकाशिवाय आणखी तीन गोष्टी लागतात: सुरुवातीचे व्होल्टेज, अंतिम व्होल्टेज आणि आपल्याला गाठायचे व्होल्टेज. सूत्र असे आहे:

```
t = RC × ln[(Vf − V0) / (Vf − Vt)]
```

इथे V0 म्हणजे सुरुवात, Vf म्हणजे अनंत काळ थांबल्यास येणारे व्होल्टेज आणि Vt म्हणजे गाठायचे व्होल्टेज. कंसात वर सुरुवातीला उरलेले अंतर आहे आणि खाली पोचताना उरणारे अंतर. कंसाबाहेरचा गुणाकार सुट्या भागांनी ठरतो, तर कंसातले गुणोत्तर केवळ व्होल्टेजनी ठरते, आणि एकाचा दुसऱ्याशी काहीही संबंध नाही.

आपल्या भागात रोज दिसणारे उदाहरण घेऊ. पंचगंगेच्या काठावर उसासाठी पाणी उचलणाऱ्या मोटारींच्या पॅनेलमध्ये ऑटो स्टार्टर असतो. लाइट गेली आणि परत आली की तो मोटर लगेच सुरू न करता काही वेळ थांबतो, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या मोटारी एकदम भार घेत नाहीत. समजा अशा एका साध्या पॅनेलमध्ये 470 किलोओहमचा रेझिस्टर आणि 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, म्हणजे कालस्थिरांक 47 सेकंद. चार्जिंगचा पुरवठा छोट्या ट्रान्सफॉर्मरवरून येणारा, रेग्युलेटर नसलेला 12 व्होल्टचा आहे. कंपॅरेटरचे दुसरे टोक झेनरने 6 व्होल्टवर पक्के केलेले आहे, आणि कपॅसिटर 6 व्होल्टच्या वर गेला की रिले ओढला जातो.

दुपारी व्होल्टेज चांगले असताना अंतर 12 वरून 6 वर यायला हवे, म्हणजे निम्मे. त्याला 0.693 गुणिले 47, म्हणजे 32.6 सेकंद लागतात. संध्याकाळी लाइनचा दाब उतरला आणि पॅनेलमधला पुरवठा 9 व्होल्टवर आला, तर अंतर 9 वरून 3 वर, म्हणजे एक तृतीयांशावर यायला हवे, आणि वेळ 51.6 सेकंद होतो. पुरवठा 7 व्होल्ट झाला तर अंतर 7 वरून 1 वर यायला 91.5 सेकंद लागतात. पुरवठा 6 व्होल्ट किंवा त्याहून कमी झाला तर कितीही थांबले तरी रिले ओढला जाणारच नाही. या सगळ्या वेळेत कालस्थिरांक मात्र 47 सेकंदांवरून तसूभरही हललेला नाही.

इथेच चुकीची दुरुस्ती सुरू होते. ‘टायमर लांबला, म्हणजे कपॅसिटर बिघडला’ असे म्हणून तो बदलला जातो. दुपारी बसवून बघितला की टायमर ठीक चालतो, आणि संध्याकाळी शेतकरी पुन्हा तीच तक्रार घेऊन येतो. कपॅसिटर उतरतो तेव्हा त्याची धारकता सहसा कमी होते आणि वेळ आखूड होतो, लांबत नाही, एवढा विचार केला तरी बरेच पैसे वाचतील. लीकेज वाढलेला इलेक्ट्रोलिटिक याला अपवाद आहे. त्यातून सतत गळणारा प्रवाह रेझिस्टरमधूनच येतो आणि अंतिम व्होल्टेज खाली ओढतो. 470 किलोओहममधून 5 मायक्रोॲम्पिअर गळाले तरी जवळजवळ 2.35 व्होल्ट तिथेच जातात. हा दोषही कंसातल्या Vf मधून शिरतो, हे लक्षात घ्यावे. दोन्हींतला फरक ओळखणे सोपे आहे. दुपारी आणि संध्याकाळी वेळ मोजताना त्याच क्षणी पुरवठ्याचे व्होल्टेजही लिहून ठेवावे. वेळ पुरवठ्याबरोबर वरच्या आकड्यांप्रमाणे बदलत असेल तर कपॅसिटरला हात लावायचे कारण नाही.

उलट बाजूची तक्रारही याच सूत्रात बसते. लाइट क्षणभर जाऊन परत आली की पॅनेल नेहमीपेक्षा लवकर मोटर चालू करते. कपॅसिटर पूर्ण रिकामा झालेला नसतो, त्यात 3 व्होल्ट शिल्लक असतात. मग अंतर 9 वरून 6 वर यायचे असते आणि त्याला केवळ 19 सेकंद लागतात. यावर उपाय म्हणजे रेझिस्टरला समांतर एक डायोड, त्याचे कॅथोड पुरवठ्याकडे. पुरवठा पडला की कपॅसिटर त्या डायोडमधून लगेच उतरतो आणि साधारण अर्धा-पाऊण व्होल्टच शिल्लक राहतो. मात्र पुरवठ्याची ती तारच लवकर खाली यायला हवी. फिल्टरचा मोठा कपॅसिटर तिला धरून ठेवत असेल तर डायोड लावून उपयोग होत नाही.

पुरवठ्यावर अवलंबून असलेली चूक घालवायची तर मी रेग्युलेटरपेक्षा दुसरा मार्ग पसंत करतो: गाठायचे व्होल्टेजही त्याच पुरवठ्यातून दोन रेझिस्टरांनी विभागून घ्यावे. मग Vf आणि Vt एकाच प्रमाणात खालीवर होतात, गुणोत्तर कायम राहते आणि वेळ बदलत नाही. 555 या आयसीत हेच केलेले आहे. त्याच्या आतले तीन समान रेझिस्टर पुरवठ्याचे एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश असे भाग करतात. एकच पल्स देणाऱ्या जोडणीत कपॅसिटर शून्यावरून दोन तृतीयांशावर जातो, म्हणजे अंतर एक तृतीयांशावर येते, आणि 3 चा नैसर्गिक लॉगरिथम 1.0986 म्हणून सूत्रात 1.1 येतो. तो 1.1 हा कुणी अनुभवाने लावलेला दुरुस्तीचा गुणक आहे, असे अजूनही काही जण शिकवतात, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटते. त्याच आयसीच्या सतत पल्स देणाऱ्या जोडणीत पहिला पल्स पुढच्यांपेक्षा लांब असतो, कारण पहिल्यांदा सुरुवात शून्यावरून होते आणि नंतर प्रत्येक वेळी एक तृतीयांशावरून. एकाच कालस्थिरांकाला एकदा 1.1 ने आणि नंतर दरवेळी 0.693 ने गुणायचे, हे त्या सर्किटमध्ये डोळ्यांनी दिसते.

प्रयोगशाळेतही हीच गफलत खोटी उत्तरे देते. 1 मेगओहम आणि 10 मायक्रोफॅरड, पुरवठा 12 व्होल्ट, म्हणजे कालस्थिरांक 10 सेकंद असे धरून विद्यार्थी कपॅसिटरवर डिजिटल मल्टिमीटर लावतो आणि 12 च्या 63.2 टक्के, म्हणजे 7.58 व्होल्ट येईपर्यंत स्टॉपवॉच चालवतो. मीटरचा स्वतःचा रोध साधारण 10 मेगओहम असतो. त्यामुळे अंतिम व्होल्टेज 12 न राहता 10.91 होते, आणि दोन रोध समांतर आल्याने कालस्थिरांक 9.09 सेकंद होतो. तरीही 7.58 व्होल्ट गाठायला 10.8 सेकंद लागतात. खरा कालस्थिरांक नऊ टक्क्यांनी घटलेला असताना वहीत तो आठ टक्क्यांनी वाढलेला लिहिला जातो, आणि खापर कपॅसिटरच्या टॉलरन्सवर फोडले जाते.

हे टाळायचे तर मीटर लावलेलाच ठेवून दीड-दोन मिनिटे थांबावे आणि आकडा स्थिर झाला की तो Vf म्हणून लिहावा. नंतर कपॅसिटर रिकामा करून चार्जिंग पुन्हा सुरू करावे आणि दर दोन सेकंदांनी व्होल्टेज नोंदवावे. प्रत्येक नोंद त्या Vf मधून वजा केली की उरलेले अंतर मिळते. त्याच्या नैसर्गिक लॉगरिथमचा वेळेशी आलेख काढला तर सरळ रेषा येते, आणि तिच्या उताराच्या व्यस्तातून, ऋण चिन्ह वगळून, मीटरसह असलेला कालस्थिरांक मिळतो. त्याला 1.1 ने गुणले, म्हणजे 11 मेगओहमला 10 ने भागून येणाऱ्या आकड्याने, की मीटरशिवायचा कालस्थिरांक हाती येतो. रेषा वाकलेली दिसली तर Vf घाईने वाचला आहे किंवा कपॅसिटर गळतो आहे, आणि तेव्हा पहिली शंका Vf वर घ्यावी.