अन्वस्ताची नाभी, नियत रेषा आणि डिश

अन्वस्त म्हणजे आपला पॅराबोला. एका ठरलेल्या बिंदूपासून आणि एका ठरलेल्या रेषेपासून सारख्याच अंतरावर असलेल्या बिंदूंची ही वक्ररेषा, तो बिंदू म्हणजे नाभी किंवा फोकस आणि ती रेषा म्हणजे नियत रेषा.

हे आधी कोणाला सुचलं यावर वाद आहे. ग्रीक गणिती अपोलोनियसच्या ग्रंथात अन्वस्ताच्या नाभीचा उल्लेखच नाही, त्यामुळे बरीच वर्षं पॅपसचा (साधारण इ.स. चौथं शतक) दाखला देत. पण डायोक्लीझ या दुसऱ्या ग्रीक गणितीचं जाळणाऱ्या आरशांवरचं पुस्तक अरबी भाषांतरात टिकलं, ते १९७६ मध्ये छापून आलं आणि त्यात हा गुणधर्म आहे. डायोक्लीझ अंदाजे इ.स.पू. २०० चा धरतात, तेव्हा त्याचंच पारडं जड वाटतं. फोकस हा शब्द मात्र केप्लरने १६०४ मध्ये रूढ केला, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चूल.

आता केबलवाल्याची जुनी गोल डिश घ्या, १२० सेंमी रुंद, १५ सेंमी खोल, खळ्यात उताणी ठेवलेली. डाव्या कडेपासूनचं अंतर x, जमिनीपासूनची उंची y धरली तर

y = x²/240 - x/2 + 15

हे y = ax² + bx + c या रूपाचं आहे. c = 15 बघून तळ १५ वर आहे असं बरेच जण धरतात, पण ती कडेची उंची आहे. शिरोबिंदू -b/2a = 60 वर, त्याची उंची c - b²/4a = 15 - 15 = 0. तिथून 1/4a = 60 सेंमी वर नाभी आणि तेवढीच खाली नियत रेषा.

सरळ वरून येणारी लाट १०० सेंमी उंचीवर आहे समजा. मधला किरण १०० खाली येतो आणि ६० वर जातो, एकूण १६०. कडेचा ८५ खाली येतो, मग नाभीपर्यंत ६० आडवं आणि ४५ उभं म्हणजे तिरकं ७५, परत १६०च! कारण नाभीपर्यंतचं अंतर नियत रेषेपर्यंतच्या अंतराइतकंच असतं, म्हणून सगळ्या लाटा एका वेळी पोचतात आणि त्यांची बेरीज होते.

१२ गिगाहर्ट्‌झला तरंगलांबी २.५ सेंमी असते. नारळ पडून मधे ६ मिमी पोचा आला तर वाट जाऊन-येऊन १२ मिमी लांबते, म्हणजे जवळपास अर्धी लाट, आणि तेवढा भाग उरलेल्याच्या विरोधात जातो. कड वाकली असेल तर दोन सुतळ्या काटकोनात ताणून बघायच्या, मधे जेमतेम टेकायला हव्यात.

घरावरची छोटी डिश मात्र मोठ्या अन्वस्ताची एका बाजूची चकती असते, तिला वरची मापं लागू नाहीत. कोकणात तिचं तोंड आग्नेयेकडे, पाठ समुद्राकडे, आणि दिसते त्यापेक्षा ती बरीच वर बघत असते, त्यामुळे समोरचा माड आड येतोय की नाही हे नुसत्या नजरेने ठरवू नये. जुलैत चित्र जातं ते पाऊस सिग्नल शोषतो म्हणून, तेव्हा डिश हलवू नये.