ग्राहक-तक्रार गुणवत्ता विभागाकडे पाठवणे

ग्राहकाकडून आलेली गंभीर तक्रार विक्री किंवा सेवा विभागाने पुराव्यासह व उत्तराची तारीख घालून गुणवत्ता विभागाकडे सोपवण्याची कारखान्यातील पद्धत. येथे वाहनांचे सुटे भाग पुरवणाऱ्या उद्योगातील रूढी विचारात घेतली आहे. चाकण-भोसरी पट्ट्यात ती नित्याची आहे.

या उद्योगात तक्रारीचे उत्तर बहुधा ‘एट-डी’ या आठ टप्प्यांच्या अहवालातून दिले जाते. त्याचे मूळ दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी लष्करात असल्याचे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ज्या लष्करी मानकाचा (क्र. १५२०) आधार दिला जातो, ते मात्र १९७४ चे असून त्याचा विषय सदोष मालाची विल्हेवाट व सुधारणा हा आहे. आजच्या टप्प्यांशी थेट नाते फोर्ड कंपनीच्या १९८७ च्या पुस्तिकेचे दिसते. लष्करी मानकाला फार तर पूर्वसूरी म्हणता येईल.

पुराव्याचे स्वरूप एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. २० मिमी व्यासाच्या शाफ्टवर बेअरिंग बसत नाही, अशी तक्रार येते. ड्रॉइंगप्रमाणे व्यास १९.९७९ ते २०.००० मिमी हवा. ग्राहकाने ५० नग तपासले, त्यांतील ३ नग २०.०१२ मिमी भरले. सोपवणीच्या पत्रात लॉट क्रमांक, चलन क्रमांक, तपासलेले व सदोष नग, मोजमापाचे साधन व त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख, लेबलसह छायाचित्र आणि प्रत्यक्ष सदोष नग एवढे असावे लागते. नग गंजरोधक कागदात गुंडाळून पाठवतात. पॉलिश पेपर मारलेला नग पुरावा म्हणून निकामी होतो.

मोजताना तापमान किती होते, हेही नोंदवावे. लांबीच्या मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. शाफ्ट ३५ अंशांवर आणि मायक्रोमीटर वातानुकूलित खोलीतून नुकताच आणलेला असेल, तर पोलादी शाफ्टचा व्यास सुमारे ३.५ मायक्रॉनने जास्त दिसतो. वरील १२ मायक्रॉनचा फरक त्यामुळे पुसला जात नाही, पण २ मायक्रॉनची तक्रार पुसली जाऊ शकते.

पत्रात कारणाचा तर्क न लिहिणे इष्ट. ‘ग्राइंडिंगवाल्यांची चूक’ असे शेरे एकदा लिहिले गेले की तपास त्याच मशीनपाशी घुटमळतो आणि गेजची झीज कोणी पाहत नाही.

‘लवकरात लवकर कळवावे’ या मजकुराला व्यवहारात अर्थ उरत नाही. साधारणतः दोन तारखा मागतात. पहिली तात्पुरत्या उपायाची, बहुधा २४ ते ४८ तासांतली: त्या लॉटचा स्टोअरमधला, वाटेतल्या ट्रकमधला व ग्राहकाकडचा माल अडवून छाननी झाली का? यांतला वाटेतला मालच सर्वाधिक वेळा निसटतो. दुसरी मूळ कारणाची. ती अनेक ग्राहक दोन आठवड्यांच्या आसपास ठेवतात, मात्र प्रयोगशाळेत धातूची चाचणी करायची असल्यास ती वाढवून घ्यावी लागते. मुदत नग हाती पडल्यापासून मोजायची की पत्राच्या तारखेपासून, हे पत्रातच लिहिलेले बरे.