जुगाऱ्याचं कर्ज घरच्यांनी फेडलं की जुगार सुटतो?

ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर केंद्राने कायद्याने बंदी आणली आणि बऱ्याच जणांना वाटलं, चला, रमीच्या ॲपांचा प्रश्न मिटला. पण ज्याला व्यसन जडलंय तो परदेशी साइट शोधतो, नाहीतर मटक्याचा आकडा लावतो, आणि घरचे दागिने गहाण टाकून त्याचं कर्ज एकरकमी फेडतात आणि म्हणतात, आता पुन्हा हात लावू नकोस! व्यसनमुक्ती क्लिनिकमध्ये नेमकं हेच करू नका असं सांगतात, आणि ते का ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी ओळखायचं कसं, कारण दारूसारखा याला वास येत नाही आणि रक्त-लघवीत काही सापडत नाही. म्हणून सुरुवातीला दोनच प्रश्न विचारतात: जास्त जास्त पैसे लावावेसे वाटतात का, आणि किती खेळता याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलंय का? एकालाही हो आलं की सविस्तर तपासणी. त्यात नऊ लक्षणं बघतात, वर्षभरात चार किंवा जास्त असतील तर निदान होतं. त्याच बैठकीत आत्महत्येचे विचार येतात का हे स्पष्ट विचारतात, ते टाळून चालत नाही, कारण या आजारात कर्ज उघड व्हायच्या सुमाराला धोका खूप वाढतो.

त्या नऊपैकी एक लक्षण म्हणजे हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा खेळणं. आपल्याला वाटतं की हरला की माणूस थांबेल, पण मेंदू तसं चालत नाही. 2009 साली केंब्रिजच्या संशोधकांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून स्लॉट मशीनसारखा खेळ दिला. चित्र जुळता जुळता एका घराने हुकलं की ती खरं तर हारच, खेळणाऱ्यांना ती साध्या हारीपेक्षा जास्त बोचलीसुद्धा, तरीही खेळत राहायची इच्छा वाढली, आणि मेंदूत खोलवर असलेला व्हेंट्रल स्ट्रायटम, जो खऱ्या जिंकण्याला प्रतिसाद देतो, तो या हुकण्यालाही जागा झाला. म्हणजे हार आहे हे कळतंय आणि आतली यंत्रणा मात्र "जवळ आलास" असा निरोप देतेय. त्यात बक्षीस कधी येईल याचा नेम नाही, आणि बेभरवशाच्या बक्षिसाने लागलेली सवय सगळ्यात चिवट असते, कारण दहा वेळा काही मिळालं नाही तरी अकराव्याला मिळेल ही शक्यता कधी संपतच नाही. मटक्याच्या ओपन-क्लोजचे चार्ट आणि लकी नंबर विकणारे ज्योतिषी याच जागेवर पोट भरतात, मागच्या आकड्यांवरून पुढचा आकडा काढता येतो ही शुद्ध थाप आहे.

आता कर्जाकडे या. समजा एकाचा पगार 32 हजार, आणि देणं असं: क्रेडिट कार्ड 60 हजार, लोन ॲप 45 हजार, मित्रांचे 75 हजार, सोनेतारण 1 लाख, एकूण 2 लाख 80 हजार. भावाने सगळं फेडलं तर कार्डाची लिमिट त्याच क्षणी मोकळी झाली, लोन ॲप तर आणखी मोठी रक्कम देऊ करतं आणि मित्र पुन्हा उसने द्यायला तयार होतात. आजार आहे तिथेच, फक्त खेळायला नवीन पैसा आला.

म्हणून समुपदेशक आधी बँकेची आणि यूपीआयची स्टेटमेंट मागवतात, कारण तोंडी सांगितलेला आकडा बहुतेक वेळा कमी असतो. मग कार्ड बंद, ॲप डिलीट, यूपीआयची रोजची लिमिट अगदी खाली, आणि पगार बायकोच्या किंवा आईच्या ताब्यातल्या खात्यात. घरखर्च 19 हजार धरला तर 13 उरतात: कार्डाला 5, लोन ॲपला 5, मित्रांना 2, सोन्याचं व्याज 1. कार्डावर महिना साडेतीन टक्के व्याज असेल तर 5 हजारातले 2,100 व्याजातच जातात, म्हणजे हे काम रडतखडत दोन-तीन वर्षं तरी चालणार. मित्रांना आकड्यासकट खरं सांगायचं, म्हणजे उसनवारीचं दार बंद होतं. घरच्यांना मदत करायचीच असेल तर पैसे थेट सावकाराला द्यावेत, याच्या हातात नाहीत, आणि खातं बंद झाल्याचा कागद घ्यावा.

पुन्हा घसरण कधी होते याचेही ठरलेले दिवस असतात, पगाराचा दिवस, आयपीएलची रात्र, घरात भांडण झालेली संध्याकाळ. क्लिनिकमध्ये प्रत्येकाची अशी यादी लिहून घेतात आणि समोर काय करायचं तेही. पगाराच्या दिवशी ऑफिसमधून सरळ घरी, मॅच असेल तर फोन दुसऱ्याकडे. तलफ आली की कुणाला तरी फोन करून वेळ काढायचा, ती चढते आणि ओसरते. आणि 500 रुपये गेलेच तर त्याच दिवशी सांगायचं, कारण लपवलेले 500 भरून काढायला माणूस 5 हजार लावतो. घसरणीत जिंकला तर जास्त काळजी, ती जिंक सवय पुन्हा घट्ट करते.

एक अडचण मात्र राहते. पैशाचा ताबा बायकोकडे आला की तिच्यावर राग निघू शकतो, हात उगारला जाऊ शकतो, म्हणून समुपदेशकाने तिला एकटीला भेटून विचारायलाच हवं आणि तशी भीती असेल तर ताबा दुसऱ्या नातेवाईकाकडे द्यायचा. तोही कायमचा नाही, दर काही महिन्यांनी स्टेटमेंट सगळ्यांसमोर उघडून थोडी थोडी रक्कम त्याच्या हाती परत द्यायची, आधी आठवड्याचा खर्च, मग वीजबिल, मग किराणा.