शेकोटीपाशी सुजणारी बोटे

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चालणाऱ्या कडाक्याच्या थंडीला ‘चिल्लई कलां’ म्हणतात. या दिवसांत तेथील अनेकांच्या हातापायांची बोटे लाल-जांभळी होऊन सुजतात आणि त्यांना असह्य खाज सुटते. या विकाराला चिलब्लेन असे नाव आहे. तो हिमदंश नव्हे. हिमदंशात ऊतींमधले पाणी गोठते, कातडी पांढरी आणि टणक होते व बधिर पडते. चिलब्लेनमध्ये काहीही गोठत नाही. शून्य ते पंधरा अंश सेल्सिअसच्या दमट थंडीतच तो प्रामुख्याने होतो, म्हणून बर्फात फिरणाऱ्यापेक्षा गार घरात ओल्या मोज्यांनी वावरणाऱ्याला त्याचा त्रास होण्याचा संभव अधिक असतो.

थंडी जाणवताच शरीर हृदय, मेंदू अशा आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या त्वचेकडे जाणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसून घेते. मात्र बोटे फार वेळ रक्तावाचून राहू नयेत, यासाठी एक सोय असते. बोट बर्फाच्या पाण्यात ठेवले, तर काही मिनिटांनी त्यातील वाहिन्या थोडा वेळ उघडतात, पुन्हा मिटतात आणि हे आलटून पालटून चालू राहते, असे थॉमस लुईस या ब्रिटिश वैद्यकाने १९३० मध्ये नोंदवले. ज्यांना चिलब्लेन होतो त्यांच्यात हा आकस प्रमाणाबाहेर टिकतो, बोटांना प्राणवायू कमी पडतो आणि तेथे दाह सुरू होतो, असे मानले जाते. अशी गारठलेली बोटे एकदम तापवली, की रक्त आणणाऱ्या वाहिन्या झटकन सैल होतात, पण रक्त परत नेणाऱ्या मागे राहतात. मोरी तुंबलेली असताना नळ पूर्ण सोडावा, तसे मग होते: रक्तातील द्रव भोवतालच्या ऊतींत झिरपतो आणि बोट फुगते.

श्रीनगरच्या एखाद्या घरातील जानेवारीची सकाळ डोळ्यांसमोर आणावी. स्वयंपाकघरात पाच-सहा अंश तापमान आहे. घरातली बाई अर्धा-पाऊण तास गार पाण्यात भांडी घासते, त्यात तिचे मोजेही भिजतात. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे ओल्या मोज्यातला पाय कोरड्या पायापेक्षा कितीतरी लवकर गारठतो. काम आटोपल्यावर ती पाय थेट कांगडीला, म्हणजे निखाऱ्यांच्या वेताच्या टोपलीला, टेकवते. त्या वेळी बरे वाटते. बारा ते चोवीस तासांनी मात्र करंगळीच्या कडेला लालसर गाठ उठते आणि रात्री रजईत पाय उबदार झाले की खाज वाढते. काहींना फोडही येतात. न खाजवता पाय ऊबदार व कोरडे ठेवले, तर हे बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरते.

तिने करायला हवे होते ते फारसे अवघड नाही. ओले मोजे लगेच काढून पाय टिपून कोरडे करावेत, कोरडे लोकरी मोजे घालून पाय पांघरुणात घ्यावेत आणि ते आपोआप, सावकाश तापू द्यावेत. कढत पाणी, हीटर, कांगडी यांपैकी काहीही बोटांना थेट लावू नये. बधिर बोटांना चटका कळत नाही, हा धोका वेगळाच. भांडी घासताना आतून कापडी अस्तर असलेले रबरी हातमोजे घालणे हा माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

बोटांची काळजी घेताना उरलेले शरीर गार ठेवणे ही चूकही सर्रास होते. छाती, मान आणि डोके उबदार असले, तर शरीराला बोटांचे रक्त आखडून घेण्याची गरजच कमी पडते. म्हणून बोटांसाठी टोपी आणि अंगातली बंडीही महत्त्वाची ठरते. दोन जाड मोजे कोंबलेला घट्ट बूट उलट घात करतो, कारण दाबाने रक्तप्रवाह आणखी मंदावतो. धूम्रपानाने वाहिन्या आकसतात, त्यामुळे ते थांबवणेही प्रतिबंधात मोडते. दरवर्षी त्रास होणाऱ्यांना डॉक्टर कधीकधी वाहिन्या सैल करणारे निफेडिपिन देतात, पण त्याच्या उपयोगाविषयीचे पुरावे एकसारखे नाहीत आणि त्याने रक्तदाब उतरतो, म्हणून ते मनाने घेऊ नये.

कातडी फाटून पू झाला, लाली पायावर पसरू लागली किंवा मधुमेह असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे. गाठी उन्हाळा सुरू झाल्यावरही टिकल्या, किंवा त्यांच्यासोबत सांधेदुखी वा चेहऱ्यावर पुरळ असेल, तर त्यामागे ल्युपससारखा, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार असू शकतो आणि त्यासाठी रक्ततपासणी करावी लागते.